सात हजार पावलं म्हणजे नेमके किती किलोमीटर?

जुलै २०२५मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला आणि ‘रोज दहा हजार पावलं’ या सर्वपरिचित आकड्याची जागा बातम्यांच्या मथळ्यांत ‘सात हजार’ने घेतली. सिडनी विद्यापीठातल्या डिंग डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ अभ्यास एकत्र तपासले होते. दिवसाला दोन हजार पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत सात हजार पावलं चालणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी दिसलं. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत, त्यामुळे ‘चालल्यामुळेच’ असं ठामपणे म्हणता येत नाही. जे मुळात धडधाकट असतात ते जास्त चालतात, हेही खरंच. तरीही आकडा लक्ष वेधून घेणारा होता.

त्या बातमीनंतर बागेत, कार्यालयात आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटांवर एकच प्रश्न फिरू लागला : सात हजार म्हणजे किती किलोमीटर? उत्तरही लगेच मिळत होतं. ‘दहा हजार म्हणजे आठ किलोमीटर, तेव्हा सात हजार म्हणजे साडेपाचच्या थोडं वर.’ हे उत्तर बहुतेक भारतीयांसाठी चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे समजून घेतलं की मोबाइलवरचा अंतराचा आकडा कसा वाचायचा हेही कळतं.

आठ किलोमीटर कुणाचे?

हिशेब साधा आहे. पावलांची संख्या गुणिले एका पावलाची लांबी म्हणजे अंतर. दहा हजार पावलांत आठ किलोमीटर व्हायचे असतील तर प्रत्येक पाऊल ८० सेंटीमीटरचं पडायला हवं. हा ठोकताळा मैलांच्या देशातून आला आहे. तिथे ‘दोन हजार पावलांचा एक मैल’ असं धरतात, आणि १,६०९ मीटरला दोन हजारांनी भागलं की ८० सेंटीमीटरच येतात.

पावलाची लांबी उंचीवर बरीच अवलंबून असते. प्रत्यक्ष मोजमाप नसेल तेव्हा स्त्रियांसाठी उंचीच्या ०.४१३ पट आणि पुरुषांसाठी ०.४१५ पट, हा अंदाज सर्रास वापरला जातो. याच अंदाजाने उलटा हिशेब केला तर ८० सेंटीमीटरचं पाऊल टाकणाऱ्या माणसाची उंची सुमारे १९३ सेंटीमीटर, म्हणजे सहा फूट चार इंच निघते! आपल्याकडच्या प्रौढ स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे आणि पुरुषाची १६५च्या आसपास. म्हणजे पावलं अनुक्रमे सुमारे ६३ आणि ६८ सेंटीमीटरची. दहा हजार पावलांत अशी स्त्री ६.३ किलोमीटर चालते आणि पुरुष ६.८. आठ धरले तर स्त्रीच्या बाबतीत अंतर पाव पटीहूनही जास्त फुगतं.

हिशेब लक्षात ठेवायला एक सोपी युक्ती आहे. आपल्या पावलाच्या सेंटीमीटरला दहाने भागलं की दहा हजार पावलांचे किलोमीटर मिळतात. पाऊल ६२ सेंटीमीटरचं, तर दहा हजारांत ६.२ किलोमीटर. सात हजारांसाठी त्याचा दहातला सात हिस्सा, म्हणजे साधारण ४.३. यातून दुसरी गोष्टही कळते. पावलाच्या लांबीत एका सेंटीमीटरची चूक झाली तर सात हजार पावलांमागे फक्त ७० मीटरचा फरक पडतो. तो सोडून द्यायला हरकत नाही. पण चूक पंधरा-वीस सेंटीमीटरची असेल, तर दिवसाला एक-दीड किलोमीटर हवेत चाललेले असतात.

पाऊल की पावलांची जोडी?

मोजायला बसण्याआधी एक शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. फिटनेस पट्ट्या आणि अॅपमध्ये ‘स्ट्राइड लेंग्थ’ असा रकाना दिसतो आणि तिथे बहुतेक वेळा एकाच पावलाची लांबी अपेक्षित असते : एका पायाची टाच टेकली तिथपासून दुसऱ्या पायाची टाच टेकते तिथपर्यंत. पण फिजिओथेरपिस्ट किंवा चालण्याचा शास्त्रीय अभ्यास करणारे हाच शब्द उजव्या टाचेपासून पुन्हा उजव्याच टाचेपर्यंत, म्हणजे दोन पावलांसाठी वापरतात. तपासणीच्या अहवालात ‘१२४ सेंटीमीटर’ लिहिलेलं असेल आणि तेच अॅपमध्ये भरलं, तर रोजचं अंतर सरळ दुप्पट होतं.

हा घोळ फार जुना आहे. रोमन लोकांचा मैल म्हणजे एक हजार ‘पासुस’, आणि त्यांचा एक पासुस म्हणजे दोन पावलं. तो मैल सुमारे १,४८० मीटरचा होता, म्हणजे एक पाऊल साधारण ७४ सेंटीमीटरचं. एखाद्याने त्याचा अर्थ ‘हजार पावलं’ असा घेतला तर दीड मीटरची पावलं टाकणारे सैनिक डोळ्यांसमोर येतील. आपल्या मोबाइलवर अशी चूक झाली आहे का, हे ओळखायची खूण सोपी : चालण्याच्या दिवशी दहा हजार पावलांना दहा किलोमीटरच्या वर अंतर दिसत असेल तर रकाना तपासा. चालताना एक मीटरचं पाऊल पडत नाही.

मोजायचं कसं?

उंचीवरून काढलेला आकडा हा अंदाज आहे. एकाच उंचीच्या दोन माणसांत पायांची लांबी, वय, वजन, गुडघ्यांची अवस्था आणि चालायची सवय यांमुळे पाच-सात सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून एकदा प्रत्यक्ष मोजावं.

सर्वांत चांगली जागा म्हणजे धावण्याचा ४०० मीटरचा ट्रॅक. तिथे एक पथ्य पाळावं लागतं : चारशे मीटर हे सर्वांत आतल्या पट्ट्याचं अंतर असतं. बाहेरच्या प्रत्येक पट्ट्यात फेरी सुमारे साडेसात मीटरने वाढते, त्यामुळे सहाव्या पट्ट्यातून चालणारा ४३८ मीटर चालून येतो आणि आपलं पाऊल आखूड असल्याची समजूत करून घेतो. ट्रॅक नसेल तर इमारतीच्या आवारात मोजपट्टीने वीस मीटर आखून घ्यावेत. मात्र रेषेवरून निघू नये. तीन-चार पावलं आधीपासून चालत यावं आणि शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन थांबावं, कारण सुरुवातीची आणि थांबतानाची पावलं आखूड पडतात. वीस मीटरमध्ये जेमतेम ३२ पावलं होतात, तेव्हा एक पाऊल चुकलं तर तीन टक्क्यांची चूक. म्हणून चार-पाच वेळा चालून सरासरी घ्यावी. चारशे मीटरच्या फेरीत सहाशेवर पावलं होतात, तिथे एका पावलाने काही बिघडत नाही.

पावलं तोंडाने मोजावीत आणि मोबाइलने किती मोजली तेही पाहावं. दोन्ही आकडे जुळत असतील तर उत्तम. जुळत नसतील तर कारण बहुधा मोबाइलच्या जागेत असतं. मोबाइल किंवा पट्टी पावलाला होणारा हिसका ओळखून मोजते. सामानाची ट्रॉली ढकलताना हात हलत नाही, वॉकर धरून चालताना हिसका मंद असतो, तेव्हा मनगटावरची पट्टी पावलं गाळते. फोन टेबलावर राहिला तर घरातली सगळीच पावलं जातात. अंतर काढताना एक तोड मात्र आहे : अंतराला तोंडी मोजलेल्या पावलांऐवजी मोबाइलच्याच पावलांनी भागावं. ती ‘मोबाइलच्या हिशेबातली’ पावलाची लांबी. मोबाइल दर दहात एक पाऊल गाळत असेल तर ही लांबी तेवढी मोठी येते आणि अंतर बरोबर निघतं. फक्त चालण्याचा वेग आणि मोबाइल ठेवायची जागा तीच हवी.

एका दिवसाचा हिशेब

आता एक उदाहरण धरू. साठीच्या उंबरठ्यावरच्या एक बाई, उंची १५० सेंटीमीटर, नुकताच मधुमेह आढळलेला. त्यांच्या मोबाइलमध्ये उंची भरलेलीच नाही आणि अॅपने आपल्या मनाने ७६ सेंटीमीटरचं पाऊल धरलं आहे. दिवसाअखेर पडद्यावर दिसतं : ७,००० पावलं, ५.३ किलोमीटर. डॉक्टरांनी ‘रोज चार किलोमीटर तरी चाला’ असं सांगितलेलं, म्हणून त्या निर्धास्त आहेत.

उंचीवरून अंदाज केला तर त्यांचं पाऊल ६२ सेंटीमीटरचं येतं, म्हणजे सात हजारांत ४.३ किलोमीटर. नुसती उंची बरोबर भरल्याने एक किलोमीटर कमी झाला. मग त्या ट्रॅकवर गेल्या. नेहमीच्या चालीने एका फेरीला ६६० पावलं लागली, म्हणजे ६०.६ सेंटीमीटर. झपझप चालून ६१५ लागली, म्हणजे ६५ सेंटीमीटर. मैत्रिणींबरोबर गप्पा मारत चालल्या तेव्हा ७२७, म्हणजे ५५. घरात स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंतची वाट नऊ मीटरची, तिथे वीस पावलं पडली, म्हणजे ४५ सेंटीमीटर.

एकाच बाईची चार वेगवेगळी पावलं! यात नवल नाही. निरोगी माणूस वेग वाढवतो तेव्हा पाऊलही लांबवतो आणि पावलांचा तालही वाढवतो, आणि दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात. वेग वीस टक्क्यांनी वाढला तर साधारण दहा टक्के पाऊल लांबतं आणि दहा टक्के ताल वाढतो. घरात वळणं, उंबरे, थांबणं असल्यामुळे पाऊल पूर्ण पडतच नाही.

आता दिवसाची फोड करू. सकाळी झपझप तीन हजार पावलं : १.९५ किलोमीटर. संध्याकाळी गप्पांसह दीड हजार : ०.८२ किलोमीटर. घरातली अडीच हजार : १.१२ किलोमीटर. एकूण ३.९ किलोमीटर. अॅपने दाखवलेल्या ५.३ किलोमीटरपैकी १.४ किलोमीटर कधी चाललेच गेले नव्हते.

यावरून रोज अशी फोड करत बसायचं का? गरज नाही. बारकाईने पाहिलं तर बहुतेक चूक अॅपच्या ७६ सेंटीमीटरमुळे होती. नेहमीच्या चालीचा ६०.६ हा एकच आकडा वापरला असता तरी ४.२ किलोमीटर आले असते, खऱ्या अंतरापासून फक्त तीनेकशे मीटर दूर. तेव्हा आधी अॅपमधली उंची किंवा पावलाची लांबी दुरुस्त करावी. फोड फक्त ज्यांना आजारपणामुळे अंतराचा हिशेब नेमका हवा आहे त्यांनी करावी. मोकळ्या मैदानावर चालताना जीपीएस सुरू असेल तर मोबाइल पावलांवर अवलंबून न राहता अंतर स्वतः मोजतो. उंच इमारतींच्या गल्लीत मात्र तोही भरकटतो, आणि घरात तर कामालाच येत नाही.

लक्ष्य पावलांचं असेल तर ते पावलांतच ठेवा

अंतर कमी निघालं म्हणून उंचीने लहान असलेल्यांनी खट्टू व्हायचं कारण नाही. ‘सात हजार’चा आकडा ज्या अभ्यासांतून आला, त्यांनी लोकांच्या पट्ट्यांवरची पावलं मोजली होती, किलोमीटर नव्हे. त्यामुळे त्या लक्ष्याचं किलोमीटरमध्ये भाषांतर करून, पुन्हा ते ‘पाच किलोमीटर’ म्हणून पाळणं ही उलटी वाट आहे. ६२ सेंटीमीटरच्या पावलाला पाच किलोमीटरसाठी आठ हजारांवर पावलं टाकावी लागतात. ७१ सेंटीमीटरवाल्याचं काम सात हजारांत होतं. नवरा-बायको बरोबरीने चार किलोमीटर फिरून आले, तर या हिशेबाने बायकोच्या पट्टीवर सुमारे ६,४५० पावलं आणि नवऱ्याच्या पट्टीवर ५,६५०च्या आत. दोघं चालले तेवढेच, पण पावलांच्या स्पर्धेत ती जिंकली. कार्यालयांतल्या पावलांच्या स्पर्धा आणि काही आरोग्य विमा योजनांतल्या पावलांवरच्या सवलती यांचे निकाल वाचताना हे ध्यानात ठेवावं. स्पर्धा किलोमीटरची ठेवली की पारडं उंच माणसाकडे झुकतं.

उलट डॉक्टर अंतर सांगतात तेव्हा ते आपल्या पावलांत बदलून घ्यावं. तीन किलोमीटर म्हणजे ७१ सेंटीमीटरच्या पावलाला सव्वाचार हजार पावलं, ६२ला ४,८००च्या थोडी वर आणि ५५ला जवळपास साडेपाच हजार. आणि व्यायामाचा जोर किती, हे ना अंतरातून कळतं ना एकूण पावलांतून. त्यासाठी तालच पाहावा लागतो. मिनिटाला सुमारे शंभर पावलं ही प्रौढांसाठी मध्यम जोराच्या चालण्याची ढोबळ खूण मानली जाते. आपल्या उदाहरणातल्या बाईंनी ६१५ पावलांची फेरी सहा मिनिटांत पूर्ण केली तर तो ताल १०२ होतो, म्हणजे ठीक. किलोमीटर वाढावेत म्हणून मुद्दाम ढांगा टाकू नयेत. पाय शरीराच्या फार पुढे पडला की टाच ब्रेकसारखी लागते आणि गुडघ्यावर ताण येतो. वेग हवा असेल तर पावलं भरभर टाकावीत, लांबी आपोआप वाढते.

पाऊल आखूड होतंय का?

या साऱ्या हिशेबात सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी येते आणि ती ज्येष्ठांसाठी आहे. समजा, एक आजोबा रोज ४०० मीटरची एक ठरलेली फेरी मारतात. गेल्या वर्षी तिला ६४० पावलं लागत होती, म्हणजे ६२.५ सेंटीमीटर. यंदा ७२० लागतात. त्यांचं पाऊल ५५.६ सेंटीमीटरवर आलं आहे. पण मोबाइलमध्ये ६२.५चाच आकडा भरलेला आहे, त्यामुळे तो दाखवतो : पावलं वाढली, अंतर ४००वरून ४५० मीटर झालं. मोबाइलच्या मते प्रगती, प्रत्यक्षात पीछेहाट.

वयानुसार पाऊल थोडं आखूड होतंच. पण वर्षभरात सात सेंटीमीटर ही थोडी घट नव्हे. गुडघ्याचं किंवा खुब्याचं दुखणं, पायाच्या स्नायूंची ताकद कमी होणं, दृष्टी मंदावणं, एकदा पडल्यानंतर मनात बसलेली भीती, अशी तिची कारणं असू शकतात. पार्किन्सन्समध्ये पाय घासत पडणारी आखूड पावलं हे तर ओळखीचं लक्षण आहे. पाऊल आखूड होतं तसा चालण्याचा वेगही बहुधा उतरतो, आणि वृद्धांच्या तपासणीत वेगाला मोठं महत्त्व आहे. स्नायूंच्या ऱ्हासाचं निदान करताना आशियाई तज्ज्ञगटाने २०१९मध्ये सेकंदाला एक मीटर ही सीमारेषा ठरवली, तीही सहा मीटर चालायला लावून. त्याहून कमी वेग हा कमी समजला जातो.

म्हणून ज्येष्ठांच्या घरात मोबाइलवरच्या किलोमीटरपेक्षा एका छोट्या नोंदीचा उपयोग जास्त आहे. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, त्याच वाटेवर, त्याच चपला किंवा बूट घालून, नेहमीच्या चालीने चालावं आणि दोनच आकडे कॅलेंडरवर लिहावेत : पावलं किती लागली आणि वेळ किती लागला. एखाद्या महिन्यात पाच-दहा पावलं इकडेतिकडे झाली तर चिंता नको. झोप, थकवा, उन्हाळा यांनी तेवढा फरक पडतो. पण दोन-तीन महिने आकडा एकाच दिशेने वाढत गेला, किंवा एकदम दहा टक्क्यांनी उडी मारली, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं. चार दिवसांत चाल अचानक बिघडली, तोल जाऊ लागला किंवा एकच पाय ओढला जाऊ लागला, तर महिनाअखेरीची वाट न पाहता त्याच दिवशी जावं.